‘सर, माझी मुलाखत घ्याल का?’

गावातले एक मार्गदर्शक दर महिन्याला एका लघुउद्योजकाची मुलाखत घेतात. तासगाव भागातल्या एका तरुण बेदाणा उत्पादकाला त्यात बोलायचंय, असं समजू. सरांना पत्र लिहायला तो बसतो आणि पहिल्या ओळीलाच अडतो.

गैरसमज : स्वतःहून विचारणं म्हणजे मिरवणं.
वस्तुस्थिती : मुलाखतमाला चालवणाऱ्याला दर वेळी नवा पाहुणा शोधावा लागतो, त्यामुळे नेमका विषय घेऊन आलेलं पत्र त्याचं काम हलकं करतं. संकोच वाटायला हवा तो विषयाशिवाय लिहिलेल्या पत्राचा.

गैरसमज : पत्रात सगळा जीवनपट हवा.
वस्तुस्थिती : तरुणाच्या पहिल्या खर्ड्यात शिक्षण, सत्कार, प्रमाणपत्रं असं दोन पानं भरून होतं. ते वाचून त्याला काय विचारावं, हे कुणालाच सुचलं नसतं. दुसऱ्या खर्ड्यात त्याने एकच प्रसंग ठेवला. फेब्रुवारीत शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत असताना अवकाळी पाऊस आला. दमट हवेने वाळवण लांबली आणि हिरवा राहायचा बेदाणा काळपटला. साधारण 4 किलो द्राक्षांतून 1 किलो बेदाणा मिळतो. तोच काळा पडला की दर कोसळतो. पुढच्या हंगामात त्याने शेडच्या बाजूंना गुंडाळता येणारे पडदे लावले आणि हवामानाचा अंदाज बघूनच माल टाकायला सुरुवात केली.

खाली त्याने तीन प्रश्न सुचवले: काळपटलेला माल कुठे विकला? पडद्यांचा खर्च किती हंगामांत निघाला? पडदे बंद ठेवले की आत दमटपणा वाढतो, त्याचं काय केलं? तिसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्याच्याकडेही नाही, हेही त्याने लिहिलं. मुलाखतीत खरी रंगत येते ती अशाच जागी.

गैरसमज : सर ओळखीचे आहेत, म्हणजे होकार ठरलेलाच.
वस्तुस्थिती : ओळखीतच नकार देणं जास्त अवघड जातं. शेडच्या कर्जाचा प्रस्ताव सरांनीच तपासून दिला होता. ही गोष्ट पत्रात यायलाच हवी, नाहीतर पुढे ऐकणाऱ्यांना ती घरचीच मुलाखत वाटेल. शिवाय सरांना मोकळेपणाने नाही म्हणता यावं, अशी वाटही पत्रात ठेवावी लागते.

गैरसमज : आपली मुलाखत, तेव्हा काटछाट आपल्याला विचारून.
वस्तुस्थिती : काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे मुलाखतकार ठरवतो. पाहुण्याने आकड्यांतली चूक दाखवावी, आणि व्यापाऱ्याचं नाव किंवा कर्जाची रक्कम यांसारखं जे बाहेर जायला नको ते आधीच सांगावं.

पत्र शेवटी एका पानात बसलं. वर ‘सा. न. वि. वि.’, मग पावसाचा प्रसंग, तीन प्रश्न, कर्जाच्या प्रस्तावाचा उल्लेख. शेवटची ओळ अशी: ‘एप्रिलअखेर हंगाम उरकतो, त्यानंतर कधीही येईन. विषय आपल्या मालेत बसत नसेल तर तसं कळवा, शेडवर चहाला मात्र या.’