शंभराला अर्धा कमी

भट्टीत साधारण २४६ अंश सेल्सिअस तापमान असलं आणि दुसरं टोक शून्य अंशावर धरलं, की ‘के’ जातीचं थर्मोकपल जेमतेम १० मिलिव्होल्ट देतं. मीटरवर वाचण्यासाठी आपण ते १०० पट वाढवतो. थर्मोकपलची तार ऑप-अ‍ॅम्पच्या अधिक टोकाला जोडायची. आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत ९९ किलोओहम आणि १ किलोओहम हे रेझिस्टर एकापुढे एक लावायचे आणि त्यांच्या मधल्या सांध्यावरून तार उणे टोकाकडे न्यायची. म्हणजे आउटपुटचा शंभरावा भाग उणे टोकाकडे परत येतो. पाठ्यपुस्तकातलं गणित म्हणतं, दोन्ही टोकांवरचं व्होल्टेज सारखं होतं, म्हणून गेन १०० आणि आउटपुट बरोबर १ व्होल्ट.

पण ऑप-अ‍ॅम्प वाढवतो तो या दोन टोकांमधला फरक. फरक शून्य झाला, तर आउटपुटही शून्य! तेव्हा १ व्होल्ट टिकवायला थोडा फरक उरावाच लागतो. किती, ते ओपन-लूप गेनवर ठरतं. ७४१सी या चिपचा हा गेन सहसा २ लाख असतो, पण डेटाशीटची हमी फक्त २० हजारांची. २० हजार धरले, तर १ व्होल्टसाठी सुमारे ५० मायक्रोव्होल्ट फरक हवा. तो १० मिलिव्होल्टमधूनच वजा होतो. त्यामुळे परत येतात ९.९५ मिलिव्होल्ट आणि आउटपुट मिळतं ०.९९५ व्होल्ट. सूत्र असं:

```
G = A / (1 + Aβ)
A = 20000,  β = 1/100
G = 20000 / 201 = 99.5
```

अर्धा टक्का तूट म्हणजे भट्टीत सव्वा अंशाची चूक. चिपचा गेन २ लाख निघाला, तर तूट ०.०५ टक्क्यावर येते. चिपचा गेन दहापट बदलला, तरी सर्किटचा गेन अर्ध्या टक्क्याहून कमी हलतो, ही फीडबॅकची खरी कमाई. मात्र याच चिपकडून हजारपट गेन मागितला, तर β दहापट घटतो आणि तूट पाच टक्क्यांच्या घरात जाते.

ही तूट मोजताना ऑफसेट फसवतो. ७४१मध्ये १ मिलिव्होल्टचा ऑफसेट सहज असतो आणि शंभरपट होऊन तो ०.१ व्होल्ट दिसतो, म्हणजे आपल्या तुटीच्या वीसपट. म्हणून इनपुटला आधी ० आणि मग १० मिलिव्होल्ट देऊन आउटपुटमधला फरक घ्यावा. ऑफसेट दोन्ही वाचनांत सारखाच असतो, तो वजाबाकीत उडतो. ०.९९५ उरले तरी दोष लगेच चिपवर टाकू नये. एक टक्का टॉलरन्सचे रेझिस्टर एवढी चूक एकट्याने करू शकतात, म्हणून आधी तेच अचूक मीटरवर मोजावेत. रेझिस्टर नेमके निघाले, तर ते हरवलेले ५ मिलिव्होल्ट चिपच्या मर्यादित गेनचे.