पोपटाला शब्द कळतो का? 'पोपटपंची'मागचं विज्ञान



एखादं मूल धडाधड उत्तर म्हणून दाखवतं, पण त्याला त्यातलं काही कळलेलं नसतं, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "ही नुसती पोपटपंची आहे." म्हणजे पोपट बोलतो पण त्याला अर्थ कळत नाही, हे आपण गृहीत धरूनच चालतो. हे गृहीत कितपत खरं आहे? शास्त्रज्ञांनी ते तपासलं आहे. त्यासाठी आधी आपल्या महाराष्ट्रातलीच एक घटना बघू.

राजुऱ्याचा हरियाल

ऑगस्ट २०१५ मधली ही गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका वृद्ध महिलेने पोलिसांत तक्रार केली. आपण घरासमोरून जाताना पाळीव पोपट आपल्याला शिव्या देतो आणि कुटुंबातल्याच एका व्यक्तीने त्याला त्या शिकवल्या आहेत, असं तिचं म्हणणं होतं. पोपटाचं नाव हरियाल. पोलिसांनी मालकाला पोपटासह ठाण्यात बोलावलं आणि तक्रारदार महिलेसमोर त्याला ठेवलं. हरियालने तोंडातून एक शब्द काढला नाही! शेवटी त्याला वनविभागाच्या ताब्यात देण्यात आलं.

बातमी वाचून सगळे हसले. पण यातला प्रश्न गंभीर आहे. समजा तक्रार खरी होती. मग पोपटाला आपण शिवी देतोय हे कळत होतं का? आणि ठाण्यात तो गप्प बसला, यावरून काय सिद्ध झालं?

ओठ नाहीत, तरी 'पोपट' कसं म्हणतो?

आपला आवाज घशातल्या स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र आणखी खाली असतं. श्वासनलिका छातीत जिथे दोन फाट्यांत विभागते, तिथे. तिथल्या पातळ पडद्यांतून हवा गेली की ते थरथरतात आणि आवाज निघतो.

नुसत्या आवाजाचे शब्द होत नाहीत. आपण जीभ आणि ओठ हलवून त्या आवाजाला आकार देतो. 'आ' म्हणताना आणि 'ई' म्हणताना जीभ कुठे असते, ते आत्ताच करून बघा. पोपटाची जीभ जाड आणि मांसल असते आणि तो ती चांगली फिरवू शकतो. २००४ साली मंक पॅराकीट या जातीच्या पोपटांवर प्रयोग झाला. त्यात दिसलं, की जिभेची जागा अगदी थोडी बदलली तरी बाहेर पडणारा आवाज बराच बदलतो. आपण स्वर काढताना जे करतो, तसंच काहीसं.

प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आपण मुलांना ओठ मिटून शिकवतो. पोपटाला तर ओठच नाहीत. म्हणून हे वर्ण त्याला अवघड जातात. तो ते आतल्या आत दुसऱ्या पद्धतीने, ऐकायला तसेच वाटतील असे काढतो.

मिरची खाऊ घातली की पोपट लवकर बोलतो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. बोलणं येतं ते मेंदूमुळे. बहुतेक प्राणी जन्मजात आवाजच काढतात. ऐकून नवा आवाज शिकणारे फार थोडे, आणि पोपट त्यातले. २०१५ साली मुक्ता चक्रवर्ती आणि एरिक जार्विस यांच्या गटाने दाखवलं, की आवाज शिकण्याच्या पोपटाच्या मेंदूतल्या केंद्राभोवती आणखी एक वेढा असतो. तो इतर गाणाऱ्या पक्ष्यांत सापडत नाही. चांगली नक्कल करणाऱ्या जातींमध्ये हा वेढा मोठा असतो.

पण तो नक्कल करतोच कशाला?

रानात पोपट थव्याने राहतात. रत्नागिरीत संध्याकाळी माडांवरून किलबिलाट करत जाणारे थवे आपण बघतोच. थव्यातल्यांचे आवाज उचलणं म्हणजे 'मी तुमच्यातलाच' असं सांगणं.

व्हेनेझुएलात कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या रानटी पोपटाच्या घरट्यांत कॅमेरे आणि माइक बसवले. तिथे प्रत्येक पक्ष्याची स्वतःची एक वेगळी हाक असते, जवळपास नावासारखी. ही हाक जन्मतःच येते की आईबापांकडून, हे कळावं म्हणून त्यांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली. पिल्लांच्या हाका वाढवणाऱ्या आईबापांच्या हाकांशी जुळल्या. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. थोडक्यात, पोपटाच्या घरट्यातही बारसं होतं!

आता पिंजऱ्यातल्या पोपटाचा विचार करा. त्याचा थवा म्हणजे घरातली माणसं. म्हणून तो "विठू विठू" म्हणतो, "कोण आलंय?" म्हणतो. तो त्या शब्दांनी आपल्याशी नातं जोडत असतो. शब्दाचा अर्थ कळणं ही मात्र वेगळी पायरी.

कळण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे नुसता आवाज. दुसरी म्हणजे आवाज आणि प्रसंग यांची जोडी. फोन वाजला की "हॅलो", दार वाजलं की "कोण आहे?" तिसरी म्हणजे शब्द त्या वस्तूचं किंवा गुणाचं नाव आहे हे कळणं, आणि न बघितलेल्या नव्या वस्तूलाही ते लावता येणं.

हरियालची तक्रार खरी धरली, तरी ती दुसऱ्या पायरीनेच समजते. अमुक व्यक्ती दिसली की अमुक आवाज काढायचा, मग माणसं हसतात, लक्ष देतात. एवढी जोडी पुरे. अपमान म्हणजे काय, हे कळायची गरज नाही. आणि ठाण्यातली शांतता? अनोळखी जागा, अनोळखी माणसं, गर्दी. घाबरलेला पक्षी गप्प बसतो. त्याला शिव्या येत नाहीत, हे त्यावरून ठरत नाही. आणि तो शहाणपणाने गप्प बसला, हेही नाही.

तिसरी पायरी गाठणारा ॲलेक्स

१९७७ साली आयरीन पेपरबर्ग यांनी अमेरिकेत शिकागोच्या एका दुकानातून आफ्रिकन ग्रे जातीचा एक पोपट घेतला. त्याचं नाव ॲलेक्स. २००७ मध्ये तो वारला, तोवर सुमारे तीस वर्षं त्या त्याच्यावर काम करत होत्या.

त्यांची शिकवायची पद्धत आपण शिक्षकांनी बघण्यासारखी आहे. पोपटासमोर दोन माणसं बसतात. एक जण वस्तू दाखवून विचारतो, "हे काय?" दुसरा उत्तर देतो. बरोबर आलं तर ती वस्तूच त्याला मिळते. चुकलं तर वस्तू बाजूला जाते आणि पुन्हा नीट बोलायला सांगतात. मग दोघं भूमिका बदलतात. पोपट बघत असतो, त्यालाही ती वस्तू हवी असते, तो मधे बोलायला लागतो. 'किल्ली' म्हटलं तर बक्षीस म्हणून दाणा मिळत नाही, किल्लीच मिळते. त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची गाठ पक्की बसते.

दुसऱ्या दोन पोपटांना त्यांनी नुसत्या ध्वनिफिती ऐकवून आणि व्हिडिओ दाखवून शब्द शिकवायचा प्रयत्न केला. पोपट वस्तूंची नावं शिकले नाहीत.

ॲलेक्सला सुमारे पन्नास वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंत संख्या सांगता येत होत्या. पण पाठांतरही असंच दिसू शकतं. मग कळलंय हे कसं ठरवायचं?

त्याला दोन वस्तू दाखवत. समजा एक लाल चौकोन आणि एक निळा चौकोन. विचारत, "सारखं काय?" उत्तर हवं 'आकार'. लगेच त्याच वस्तूंवर "वेगळं काय?" विचारलं, तर उत्तर हवं 'रंग'. वस्तू त्याच, प्रश्न बदलला की उत्तर बदलायला हवं. पूर्वी न दाखवलेल्या वस्तूही ठेवत. साधारण चारपैकी तीन वेळा त्याचं उत्तर बरोबर येई. अंदाजाने एवढी बरोबर उत्तरं येत नाहीत.

एकदा ताटात दोन, तीन आणि सहा ठोकळ्यांचे वेगवेगळ्या रंगांचे गट होते. विचारलं, "तीन कोणत्या रंगाचे?" ॲलेक्स म्हणाला, "पाच." पुन्हा विचारलं, पुन्हा "पाच." शेवटी बाईंनी विचारलं, "बरं, पाच कोणत्या रंगाचे?" तो म्हणाला, "काही नाही." पाचाचा गट ताटात नव्हताच! 'काही नाही' हा शब्द त्याला दोन वस्तूंत साम्य किंवा फरक नसेल तेव्हा वापरायला शिकवला होता. नसलेल्या संख्येसाठी तो त्याने आपणहून वापरला.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणं

शंका घेण्यामागे एक घोडा आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत 'हुशार हान्स' नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं, तेव्हा कळलं की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा.

ॲलेक्सचं उत्तर बोलून यायचं, त्यामुळे नुसत्या हालचालीवरून ते ओळखणं कठीण होतं. परीक्षा घ्यायला वेगळी माणसं असत आणि वेगवेगळे प्रश्न मिसळून विचारले जात. तरी मर्यादा आहेतच. हे मुख्यतः एकाच पोपटाचं, वर्षानुवर्षांच्या शिकवणीचं फळ आहे. तो गोष्ट सांगत नव्हता, कालच्याबद्दल बोलत नव्हता. पेपरबर्ग यांनीही त्याला माणसासारखी भाषा येते असा दावा केला नाही. म्हणून नेमकं एवढंच म्हणता येतं: पोपटाला शब्दाचा अर्थ कळू शकतो, पण तसं शिकवलं तर. घरोघरचे बहुतेक पोपट दुसऱ्या पायरीवर असतात.

वर्गात हीच कसोटी

'सात पाचे पस्तीस' म्हणणाऱ्या मुलाला पोपट म्हणण्याआधी ॲलेक्सचे प्रश्न विचारून बघा. चिंचोके देऊन सातच्या पाच ओळी मांडायला सांगा. मग तेच चिंचोके ठेवून प्रश्न बदला: "आता पाचच्या किती ओळी होतील?" मग नसलेलं विचारा: "यात आठच्या पाच ओळी होतील का?" तिन्हींची उत्तरं आली तर मूल तिसऱ्या पायरीवर आहे. अडलं तर कुठल्या पायरीवर अडलं ते कळेल, आणि उद्या काय शिकवायचं तेही.

पालकांना एक विनंती. हा विषय मुलांना सांगताना घरी पोपट आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपले देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. संध्याकाळी मुलांना घेऊन अंगणात उभे राहा. थवा जाताना कोण हाक देतं आणि कोण उत्तर देतं, ते ऐकायला सांगा.