एकच फरशी बदलताना

फ्लॅटच्या हॉलमधली दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड फरशी सिलिंडर आपटल्याने कोपऱ्यातून तडकते, तेव्हा दोष बहुतेक वेळा नुसत्या सिलिंडरचा नसतो. त्या कोपऱ्याखाली पोकळी असते. ही फरशी पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्यामुळे माल पसरून त्यावर सिमेंटचा पातळ घोळ ओतण्याच्या जुन्या पद्धतीने बसवली, तर सिमेंट तिच्या पाठीला नीट धरत नाही. छन्नीच्या लाकडी मुठीने ठोकून पाहिले की भरीव जागा बद्द वाजते आणि सुटलेली जागा मडक्यासारखी पोकळ वाजते. एकच फरशी बदलायची ठरवण्याआधी तिच्या आठही शेजारणी अशा वाजवून पाहाव्यात. त्यांतल्या दोन-तीन पोकळ वाजत असतील, तर पहिली फोडताना त्याही हलणार, हे गृहीत धरावे.

शेजारची फरशी खराब होते ती मुख्यतः सांध्यामुळे. सांधा भरलेला असताना मधल्या फरशीवर हातोडी मारली, तर तो धक्का ग्राउटमधून थेट शेजारणीच्या कडेवर जातो आणि तिथला टवका उडतो. म्हणून फोडण्याआधी चारही सांधे पूर्ण खोलीपर्यंत मोकळे करावे लागतात. नुसते वरवर खरवडून भागत नाही. तीन मिलिमीटरच्या सांध्यात ग्राउट खरवडण्याची हातकरवत चालते. वेळ वाचवायचा तर ग्राइंडरला सांध्यापेक्षा पातळ डायमंड पाते लावतात. मात्र पाते गोल असल्यामुळे कोपऱ्यापर्यंत खोल कापायला गेल्यास ते पुढच्या फरशीत शिरते. त्यामुळे मशीन कोपऱ्याच्या दोन-अडीच इंच अलीकडेच थांबवून उरलेला भाग हाताने काढावा. शेजारच्या कडांवर आधीच जाड चिकटपट्टी लावलेली असावी. धूळ बारीक आणि फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क आणि चष्मा लागतोच.

फरशी अखंड असून फक्त सुटलेली असेल, तर एवढ्या कामानंतर काच उचलायच्या रबरी कपाने ती सरळ वर निघू शकते. तिची पाठ घासून तीच परत बसवता येते. तुटलेल्या फरशीत मात्र कडेपासून इंचभर आत राहून ग्राइंडरने फुलीसारखे दोन छेद घ्यावेत आणि मध्यापासून फोडत बाहेर यावे. छन्नी नेहमी तिरकी धरायची आणि तिचे टोक खड्ड्याच्या मध्याकडे ठेवायचे. शेजारच्या कडेवर टेकवून तुकडा उचकटण्याचा मोह इथेच होतो आणि बहुतेक नुकसान त्यातूनच होते. कडेचा शेवटचा तुकडा आतल्या बाजूला ओढून काढावा. न्हाणीघरात पाते आणि छन्नी विशेष बेताने चालवावी, कारण खालचा जलरोधक थर फाटला तर खालच्या मजल्यावर गळती सुरू होते.

खड्डा मोकळा झाला की त्याची रुंदी दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मोजावी. जमिनीला फुगायला जागाच ठेवलेली नसेल, तर फरश्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि कधी कधी तंबूसारख्या उचलल्या जातात. अशा वेळी एक फरशी काढताच शेजारणी किंचित आत सरकतात आणि नवी फरशी सांधा सोडून बसतच नाही. तसे झाले तर दुखणे एका फरशीचे नसते. भिंतीलगत मोकळी फट ठेवून जमिनीचा मोठा भाग उकलावा लागतो.

त्यानंतर खोली पाहायची. समजा नवी फरशी नऊ मिलिमीटर जाडीची आहे आणि तिच्याखाली दाबून बसलेल्या चिकट मालाचा थर चार मिलिमीटरचा हवा आहे. मग शेजारच्या फरश्यांवर आडवी सरळ पट्टी ठेवली असता तिच्या खालच्या कडेपासून तळ सगळीकडे तेरा मिलिमीटर खोल असायला हवा. जुना माल तेवढा खरवडून काढावा. बोटाने भुरभुरणारा वाळूचा भाग तर पूर्णच काढावा, कारण त्याला चिकटलेली फरशी पुन्हा सुटते. इथे साध्या सिमेंटऐवजी व्हिट्रिफाइडसाठीचे पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. धूळ पुसून तळ ओलसर करावा, दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढाव्यात आणि फरशीच्या पाठीलाही पातळ थर चोपडावा. फरशी सरळ खाली उतरवून रेघांना आडवी किंचित हलवली की रेघांमधली हवा निघून जाते. सांध्यात तीन मिलिमीटरचे स्पेसर बसवावेत आणि चारही कोपऱ्यांवरून पट्टी फिरवून पाहावी. सांध्यात वर आलेला माल ओला असतानाच काढला नाही, तर ग्राउटला खोली मिळत नाही. त्यानंतर चोवीस तास त्यावर पाऊल पडू देऊ नये.

रंग जुळवणे हे यातले सर्वांत नाजूक काम. दुकानात पाकिटावरच्या रंगाशी घरातला सांधा ताडून पाहिला तर फसगत होते, कारण घरातला सांधा मळलेला असतो. आधी शेजारचे सांधे सौम्य साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून पूर्ण वाळवावेत आणि रंग त्यांच्याशी जुळवावा. अ‍ॅसिड वापरू नये, ते ग्राउट खाते. जुना सांधा सिमेंटचा असेल तर नवाही सिमेंटचाच घ्यावा. इपॉक्सीची चकाकी वेगळी असते, त्यामुळे रंग जुळूनही तो उठून दिसतो.

या एका फरशीला लागणारे ग्राउट अगदी थोडे असते. चारही बाजू मिळून २.४ मीटर सांधा, तीन मिलिमीटर रुंद आणि नऊ मिलिमीटर खोल, म्हणजे सुमारे ६५ मिलिलिटर. भिजवलेले ग्राउट साधारण सव्वाशे ग्रॅम पुरते. त्यामुळे एकाच कंपनीची दोन जवळच्या छटांची छोटी पाकिटे आणून प्रयोग करणे परवडते. उदाहरणार्थ, राखाडी आणि फिक्या बदामी रंगाची कोरी पूड ९:१, ८:२ आणि ७:३ अशा वजनी प्रमाणात घ्यावी. प्रत्येकात पाणी अगदी सारखे मोजून घालावे आणि तुटलेल्या फरशीच्या तुकड्यांवर जाड रेघ ओढून प्रमाण लिहून ठेवावे. ओले ग्राउट गडद दिसते, म्हणून दोन दिवस वाळल्यावरच रेघ सांध्याशेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहावी. नवी फरशी बसवून सुकेपर्यंत हे नमुनेही वाळतात.

निवडलेले प्रमाण भरताना पाणी नमुन्याइतकेच ठेवावे. पाणी जास्त झाले की रंग फिका आणि डागाळ होतो. पुसतानाही हीच चूक होते. सांधा जरा घट्ट झाल्यावर घट्ट पिळलेल्या स्पंजने तिरके पुसावे, निथळत्या स्पंजाने रंगच धुऊन जातो. खालचा माल ओलसर असेपर्यंत नवा सांधा गडद राहतो, म्हणून त्याचा खरा रंग आठवडाभराने पाहावा. तरीही तो चौकोन डोळ्यांत खुपत असेल, तर आसपासचे सांधेही तेवढेच खोल खरवडून भिंतीपर्यंत किंवा दाराच्या उंबऱ्यापर्यंत त्याच ग्राउटने भरावेत. रंगातला फरक भिंतीशी किंवा उंबऱ्यापाशी पडला, तर तो नजरेत येत नाही.