निरोप आला, पण कळलाच नाही!

गेल्या महिन्यात मुक्ताईनगरात आमच्या गल्लीतल्या दोघी जावा दुपारी माझ्याकडे आल्या. दोघींचे चेहरे उतरलेले. धाकटीच्या हातात मोबाईल होता. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा आता. मी जे केलं तेच ताईंनी केलं होतं. त्यांना निरोप मिळाला आणि मला नाही, असं कसं?"

हकिगत अशी. दोघीही एकाच बचत गटात. गटाची सभा दर महिन्याच्या 10 तारखेला असते. त्या महिन्यात ती 5 तारखेला घ्यायची ठरली आणि तसा निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला गेला. थोरली वेळेवर हजर, धाकटीला मात्र पत्ताच नाही. गैरहजेरीचा 20 रुपये दंड झाला, त्याचं काही नाही हो. पण मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी तिला गटाकडून कर्ज हवं होतं, आणि अर्ज सभेत स्वतः उभं राहून मांडावा लागतो. तो महिनाभर पुढे गेला. वर चिटणीसबाई म्हणाल्या, "निरोप तुला पोचलाय, आमच्या फोनवर दोन टिचक्या दिसतायत." धाकटीला वाटलं, आपल्याला खोटं पाडतायत.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. तिचा गट "अर्काइव्ह" केलेला होता. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी सुविचार, रात्री देवादिकांची चित्रं, याला कंटाळून तिने गट दाबून धरला आणि वर आलेल्या, खाली बाण असलेल्या डबीच्या चित्रावर बोट ठेवलं. गट यादीतून नाहीसा झाला. थोरलीनेही आपल्या फोनवर हेच केलं होतं. पण तिच्याकडे नवा निरोप आला की गट आपोआप पुन्हा यादीत हजर! ती वैतागून म्हणायची, "कितीदा टाकू मी याला आत?" त्या वैतागानेच तिला सभेची तारीख कळली.

आता हा फरक का, ते पाहू. अर्काइव्ह करणं म्हणजे भांडं माळ्यावर टाकणं. भांडं मोडीत गेलं नाही, घरातच आहे, फक्त रोजच्या फळीवर दिसत नाही. पूर्वी व्हॉट्सॲपचा माळा उघडाच असे. नवा निरोप आला की ते भांडं आपणहून खाली उतरे. 2021 च्या जुलैमध्ये ही रीत बदलली. तेव्हापासून माळ्यावर टाकलेला गट निरोप आला तरी माळ्यावरच राहतो, आवाजही होत नाही. मात्र जुनी रीत हवी असेल तिच्यासाठी एक कळ ठेवली आहे. Settings मध्ये Chats उघडलं की Keep chats archived अशी ओळ दिसते. ती चालू असली तर गट आतच राहतो, बंद असली तर नव्या निरोपाबरोबर बाहेर येतो. आम्ही दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. धाकटीची कळ चालू होती, थोरलीची बंद. थोरलीला ती कधी बंद केली ते आठवेना. "नातवाने काही दाबलं असेल," म्हणाली. असेलही!

धाकटीचा दुसरा घोटाळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुणाच्याही लक्षात येत नाही. तिच्या यादीच्या माथ्यावर Archived अशी ओळ होती आणि तिच्यापुढे 2 असा आकडा. तो तिला रोज दिसायचा. तिला वाटे, दोन निरोप आहेत, असतील फुलांचेच. पण तो आकडा निरोपांचा नसतो, न वाचलेल्या गटांचा असतो. तिने तीन गट आत टाकले होते. मुक्ताईच्या पालखीच्या फोटोंचा, माहेरच्यांचा आणि बचत गटाचा. त्यांतले दोन न वाचलेले, म्हणून 2. आत पाहिलं तर दोन्ही मिळून शंभरावर निरोप साठलेले, आणि सभेची तारीख मध्येच कुठेतरी, एका सुविचाराखाली. शंभराचे दोनशे झाले असते तरी बाहेर 2 च राहिले असते.

मग त्या दोन टिचक्यांचं काय? निरोप आपल्या फोनवर उतरला की पाठवणाऱ्याला टिचक्या दिसतात. आपण गट माळ्यावर टाकला आहे हे त्यांना कळत नाही, आणि कळवलंही जात नाही. म्हणजे चिटणीसबाईंचंही बरोबर, हिचंही बरोबर.

हिला खरं हवं होतं ते दुसरंच, "म्यूट". म्यूट म्हणजे रेडिओ फळीवरच आहे, फक्त आवाज बंद केला. गट दाबून धरायचा आणि वरच्या ओळीतल्या काट मारलेल्या घंटेच्या चित्रावर बोट ठेवायचं. किती वेळ ते फोन विचारतो: 8 तास, एक आठवडा की कायमचं. यातलं काहीही निवडलं तरी गट यादीतच राहतो. नवा निरोप आला की गट वर सरकतो, न वाचलेल्यांचा आकडाही दिसतो, फक्त फोन वाजत नाही. दुपारची झोप मोडत नाही आणि संध्याकाळी चहा घेताना एका नजरेत कळतं की गटात काहीतरी आलंय.

म्हणून आम्ही धाकटीच्या फोनवर असं केलं. Archived उघडून बचत गट दाबून धरला, वर बाण असलेल्या डबीवर बोट ठेवून तो बाहेर काढला आणि कायमचा म्यूट केला. पालखीच्या फोटोंचा गट आतच ठेवला, वारी संपली की त्यात निकडीचं असं काही नसतं. माहेरच्या गटाबद्दल मात्र तिने विचार केला. "राहू द्या आत. आई बोलायचं असलं की फोनच करते." तो निर्णय तिचा.

एक सोय मात्र सांगून ठेवते. गटात कुणी @ हे चिन्ह टाकून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्याच निरोपाला उत्तर दिलं, तर आत टाकलेला किंवा म्यूट केलेला गटही तुम्हाला खबर देतो. चिटणीसबाईंना आम्ही हे सांगितलं. त्या आता तारीख बदलली की प्रत्येकीचं नाव घालून लिहितात. बाई बारा, नावं बारा, वेळ लागतो खरा.

थोरलीने विचारलं, "मग आत टाकलेलं घरातल्या कुणाला दिसत नाही ना?" दिसतं, बरं का! माळ्याला कुलूप नसतं. फोन हातात घेणाऱ्याने Archived वर बोट ठेवलं की सगळं उघडं. खाजगी ठेवायचं असेल तर कुलपाची सोय निराळी आहे, ती व्हॉट्सॲपने 2023 मध्ये आणली, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुमची कळ चालू की बंद हे पाहायचं असेल तर एखादा बिनकामाचा गट आत टाका आणि त्यातल्या बहिणीला "काहीतरी पाठव" म्हणा. गट बाहेर आला तर तुमचं थोरलीसारखं, आतच राहिला तर धाकटीसारखं. टेलिग्राम वापरणाऱ्या मुलांच्या फोनवर तपासायला गेलात तर गोंधळ होईल. तिथे आवाज चालू असलेला गट नव्या निरोपाने बाहेर येतो आणि म्यूट केलेला आतच राहतो.

पुढच्या 10 तारखेला धाकटीचा अर्ज पहिलाच घ्यायचं चिटणीसबाईंनी कबूल केलं आहे.