सातव्या पावलाला लग्न लागतं

आबिड्समधल्या एका फंक्शन हॉलमधलं लग्न. मुलगा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ऋग्वेदी घरातला, मुलगी तेलुगू. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे अर्धा हॉल पंगतीकडे वळला. तेवढ्यात गुरुजींनी माइक हातात घेतला. ‘‘मंडळी, लग्न अजून लागायचंय. दहा मिनिटं थांबा, मी सांगतो.’’ हे त्यांनी आधी मराठीत, मग तेलुगूत आणि शेवटी आपल्या हैदराबादी हिंदीत सांगितलं. समोर दोन्हीकडचे नातेवाईक होते, शेजारचं मारवाडी कुटुंब होतं, मुलाच्या ऑफिसातले मुसलमान आणि ख्रिस्ती मित्रही होते.

गुरुजींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मराठी माणूस अक्षता पडल्या की लग्न लागलं म्हणतो. तेलुगू घरात वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, तो क्षण मुहूर्ताचा. पण शास्त्राच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो तो सातव्या पावलाला. मनुस्मृतीत तसं आहे आणि 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमातही तेच आहे. ज्या विधीत सप्तपदी असते, तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असं ते कलम सांगतं. ज्या समाजांच्या रीतीत सप्तपदी नाही, त्यांचे विवाह त्यांच्या रीतीने पूर्ण होतात, हेही त्यातच येतं. हे कलम कोर्टात कसं उभं राहतं ते 1965 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसलं. पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. पण त्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झालीच नव्हती, आणि त्यांच्याशिवाय ते लग्न लागत असल्याची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दोषमुक्त केलं. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. एवढ्या महत्त्वाच्या पावलाला आपल्याकडे साक्षीला किती जण असतात, तर फोटोग्राफर, आईवडील आणि एखादी आत्या. मला हे फार खटकतं.

होम आणि फेरे झाल्यावर मुलाच्या एका मित्राने विचारलं, ‘‘गुरुजी, मैं गिना, तीनइच फेरे हुए. पिच्चर में तो सात रहते!’’ गुरुजींना हा प्रश्न हवाच होता. फेरे वेगळे आणि पावलं वेगळी. लाजाहोमात मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत अर्पण करते, मग दोघं अग्नीला प्रदक्षिणा घालतात आणि ती दगडावर पाऊल ठेवते. हे तीनदा होतं. गुजराती आणि अनेक राजस्थानी घरांत चार फेरे असतात, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी सात. सप्तपदी त्यानंतरची. तिच्यात अग्नीभोवती फिरायचं नसतं. अग्नीपासून ईशान्येकडे सरळ रेषेत तांदळाच्या सात राशी मांडलेल्या असतात. वर वधूचा हात धरतो, वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते आणि प्रत्येक पावलाला एक मंत्र. गडबड होते ती इथेच. स्टेज अरुंद म्हणून राशी कॅमेऱ्याच्या तोंडाशी मांडतात किंवा प्रदक्षिणेतच पावलं मोजून मोकळे होतात. त्या दिवशी गुरुजींनी दोन खुर्च्या उचलायला लावल्या, तेव्हा सात राशींना जागा झाली.

मग एकेका पावलाचा अर्थ. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं अन्नातून येणाऱ्या बळासाठी, तिसरं संपत्तीच्या वाढीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. गुरुजी क्रमावर थांबले. सुरुवात प्रेमाच्या शपथांनी होत नाही, घरात धान्य असण्यापासून होते. पैसा अन्न आणि अंगातली ताकद यांच्या मागून येतो, आणि सुख त्याच्याही मागून. मूल पाचव्या पावलाला. सहाव्याबद्दल ते म्हणाले, ‘‘पाऊस, थंडी, ऊन. घरात वर्ष फिरत राहणार, आणि प्रत्येक ऋतूत तुम्ही बरोबर असणार.’’ हा अर्थ सूत्रात लिहिलेला नाही, गुरुजींनी लावलेला आहे, पण मला तो पटतो.

सातवं पाऊल या ओळीत बसत नाही. आधीची सहाही कशासाठी तरी आहेत. सातव्यात काही मागणं नाही, वर वधूला म्हणतो की माझी सखी हो. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, ही समजूत लग्नापुरती नव्हतीच. पाणिनीच्या व्याकरणात सात पावलांवरून बनलेल्या एका शब्दाचा अर्थ सरळ मैत्री असाच दिला आहे. महाभारतात सावित्री यमाच्या मागे चालते आणि त्याला सांगते की आपण इतकी पावलं बरोबर चाललो, आता आपली मैत्री झाली, तेव्हा माझं ऐकून घे. तिथे लग्नाचा संबंधच नाही. लग्नाने ही मैत्री जुन्या व्यवहारातून उचलली आणि शेवटच्या पायरीवर ठेवली.

इतक्यात वधूच्या मामांनी तेलुगूत हरकत घेतली. त्यांच्याकडे तिसरं पाऊल संपत्तीसाठी नसतं, व्रतासाठी असतं. मामा बरोबर होते. आंध्र-तेलंगणातली बरीच ब्राह्मण घरं कृष्ण यजुर्वेदाच्या आपस्तंब सूत्राने चालतात. त्यात तिसरं व्रतासाठी, पाचवं पशुधनासाठी, सातवं यज्ञातल्या सात होत्यांच्या कर्मांसाठी, आणि प्रत्येक पावलाला विष्णू तुझ्यामागून येवो अशी प्रार्थना. मैत्रीचा मंत्र तिथेही आहे, पण सात पावलं संपल्यावर. विधी वराच्या सूत्राप्रमाणे करायची रीत आहे, म्हणून आज आश्वलायन, असं गुरुजींनी सांगितलं आणि मामा समाधानाने बसले. पत्रिकांमध्ये छापली जाणारी ‘सात वचनं’ मात्र या दोन्ही सूत्रांत नाहीत. ती नंतर रूढ झाली. म्हणायला हरकत नाही, पण ती म्हणजे सप्तपदीचे मंत्र नव्हेत.

गुरुजींनी एक गोष्ट लपवली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मूळ मंत्र फक्त वराच्या तोंडी आहेत आणि प्रत्येक पावलाला त्यात वधूने वराला अनुसरावं अशी अपेक्षा आहे, पुष्कळ पुत्र व्हावेत हेही आहे. एका मुलीने विचारलं, ‘‘मग हा मित्र कसला?’’ ते म्हणाले, ‘‘बाळ, सूत्र लिहिलं त्या काळचं घर तसं होतं. मी ते बदलून वाचत नाही. पण सातव्या पावलाला मी दोघांकडून म्हणवून घेतो.’’ पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने विवाहसंस्काराची जी पोथी तयार केली, तीही वधूवर दोघांनी अर्थ समजून प्रतिज्ञा कराव्यात यावरच भर देते आणि तिथे स्त्रियाही पौरोहित्य करतात.

मग पावलं झाली. सातव्या राशीवर आधी मुलाने मंत्र म्हटला, मागून मुलीने, अडखळत पण मोठ्याने. दोघांची डोकी जवळ आणून गुरुजींनी कलशातलं पाणी शिंपडलं आणि रात्री ध्रुव आणि अरुंधती दाखवायला विसरू नका, असं मुलाच्या आईला बजावलं. पंगत अर्धा तास उशिरा बसली. ज्यांच्या घरी आता लग्न ठरलंय त्यांनी केटररशी बोलताना हा अर्धा तास आधीच धरून ठेवावा, आणि सप्तपदी जेवणाच्या आधी घ्यायची हे गुरुजींशी पक्कं करावं.