एका दिव्यापासून स्वयंचलित खोलीपर्यंत : तीन महिन्यांचा पाठ्यक्रम

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याने आर्डुइनो फलकावर एलईडीची उघडझाप साधावी. सोबत २२० ओहमचा रोध जोडावा. त्यावाचून एलईडी जळण्याचा संभव असतो. दुसऱ्या महिन्यात प्रकाशसंवेदकाचे आकडे वहीत टिपावेत. जोडणी अशी करावी की, अंधारात आकडा उतरेल.

तिसऱ्या महिन्यात रिलेद्वारे खोलीतील दिवा चालवावा. ४०० ही एकच सीमा ठेवल्यास सांजवेळी आकडा तिच्या मागेपुढे हेलकावतो व रिले सारखा टकटकतो. म्हणून दिवा ३५० च्या खाली लागावा, ४५० च्या वर विझावा. दिव्याचा उजेड संवेदकावर पडू देऊ नये. अन्यथा दिवा स्वतःच स्वतःस विझवील. तापमान-संवेदक जोडून पंखाही ३० अंशांवर सुरू व २८ च्या खाली बंद करावा. सराव १२ व्होल्टवरच व्हावा; २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडून करवून घ्यावी.