मुक्तस्रोत परवाना : अर्थ आणि मर्यादा ('लोहित' फॉन्टच्या संदर्भात)

प्रस्तावना :
'मुक्तस्रोत' म्हणजे 'फुकट' असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मुक्तस्रोत ही किमतीची नव्हे, तर परवान्याची संकल्पना आहे. प्रस्तुत लेखात 'लोहित' या फॉन्टच्या आधारे ती स्पष्ट केली आहे. फॉन्ट हेही सॉफ्टवेअरच होय. कारण त्यात अक्षराकृतींबरोबरच 'क्' व 'ष' एकत्र आल्यास 'क्ष' दाखवावा, असे नियमही लिहिलेले असतात. या आकृती व नियम ज्या मूळ फाइलींत संपादित करता येतात, तो त्याचा 'स्रोत'. तो पाहण्याची, बदलण्याची व वितरित करण्याची अनुमती परवाना देतो, तेव्हाच सॉफ्टवेअर मुक्तस्रोत ठरते.

परवान्यातील बदल :
रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये भारतीय भाषांसाठी 'लोहित' फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. जीपीएलनुसार कोणीही सॉफ्टवेअर बदलून स्वतःपुरते वापरू शकतो. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास दिल्यास तिचा स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. प्रोग्रामच्या बाबतीत हे सुस्पष्ट आहे. परंतु पीडीएफ पुस्तकात फॉन्ट अंतर्भूत होतो. मग ते पुस्तकही जीपीएलच्या कक्षेत येते काय, अशी शंका निर्माण होते. म्हणूनच फॉन्टला जीपीएल लावताना स्वतंत्र अपवाद जोडण्याची शिफारस केली जाते. 2011 मध्ये 'लोहित'ने एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल, स्वीकारला. फॉन्ट वापरून केलेल्या दस्तऐवजास परवाना लागू होत नाही, असे त्यात स्पष्ट नमूद आहे.

उदाहरण :
समजा, छत्रपती संभाजीनगर येथील एका मुद्रणालयाने ओएफएलखालील फॉन्टमध्ये पुस्तक छापले. पुस्तकाचे सर्व हक्क लेखक-प्रकाशकांकडेच राहतात. कोणास शुल्क द्यावे लागत नाही. पुढे त्यांनी 'ल' व 'श' यांची मराठी वळणे स्वतः सुधारून घेतली आणि केवळ आपल्याच कामात वापरली, तर ती इतरांस देण्याचे बंधन नाही. ती वितरित करावयाची झाल्यास मात्र संपूर्ण सुधारित फॉन्ट ओएफएलखालीच द्यावा लागेल आणि सोबत मूळ स्वामित्वहक्काची नोंद व परवाना जोडावा लागेल. एखादी कंपनी हाच फॉन्ट आपल्या लेखन-प्रणालीत समाविष्ट करून ती प्रणाली विकू शकते. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. जीपीएलमध्ये विक्रीवर असे बंधन नाही. यावरून दोन्ही परवाने मुक्तस्रोत असूनही त्यांच्या अटी भिन्न असल्याचे दिसते.

दक्षता :
फॉन्टसोबतची `OFL.txt` ही फाइल उघडून आरंभीची स्वामित्वहक्काची ओळ वाचावी. तेथे `Reserved Font Name` असे शब्द असल्यास ते नाव राखीव असते व सुधारित प्रतीस विनापरवानगी देता येत नाही. परवान्याची फाइलच नसेल, तर फॉन्ट विनामूल्य उतरवून घेता येतो एवढ्यावरून तो मुक्तस्रोत मानू नये.

निष्कर्ष :
मुक्तस्रोत परवाना वापरावर नव्हे, तर प्रामुख्याने वितरणावर अटी घालतो. म्हणून सामान्य वाचक व लेखक जवळजवळ बंधनमुक्त असतात; सॉफ्टवेअर इतरांस देणाऱ्या संस्था व कंपन्या यांच्यावरच त्या अटींची जबाबदारी येते.